चाळणीत भागाकार कशाला?

शनिवारी दुपारी भाची आली. मुलुंडहून बोरिवलीला बसने येणं म्हणजे प्रवास कमी आणि तपश्चर्या जास्त, तरीही आली, कारण सोमवारी ओरल आणि मामा "कॉम्प्युटरमधला". फर्स्ट इयर इंजिनियरिंग. बॅगेतून जर्नल निघालं, ब्राऊन पेपरचं कव्हर, त्यावर लेबल, सगळं कसं टापटीप. (आमच्या वेळेपासून यात काडीचाही बदल नाही. लॅबमधले मॉनिटर चपटे झाले, जर्नल तेच.)

असाइनमेंट क्रमांक सात: १ ते १०० मधल्या मूळ संख्या भागून बघण्याच्या पद्धतीने आणि चाळणीच्या पद्धतीने शोधा. चाळणीची पद्धत सरस का, ते लिहा. दहापैकी दहा मार्क, खाली लाल शाईत सही. मी म्हटलं, मग अडलंय कुठे?

"मामा, ओरलला 'का' विचारतात म्हणे."

तिने "का"चं उत्तर लिहिलं होतं. एकाच वाक्यात. चाळणीची टाइम कॉम्प्लेक्सिटी O(n log log n) असल्यामुळे ती भागून बघण्यापेक्षा वेगवान आहे. बाजूला सरांची बरोबरची खूण.

इथे माझं डोकं सरकलं. भाचीवर नाही, त्या खुणेवर. एखाद्याला विचारलं की बोरिवलीहून चर्चगेटला फास्ट लोकल लवकर का पोचते, आणि तो म्हणाला "कारण तिला कमी वेळ लागतो", तर त्याला आपण दहापैकी दहा देऊ का? O(n log log n) हे कारण नाहीच, तो निकाल आहे. कामं मोजून झाल्यावर जो आकडा येतो त्याचं ते टोपणनाव. कामं कमी का झाली, हा प्रश्न जिथल्या तिथेच.

पण खरी गंमत पुढच्या पानावर होती. तिची "चाळणी" अशी होती:

```c
for (p = 2; p <= N; p++)
    if (!cut[p])
        for (k = p + 1; k <= N; k++)
            if (k % p == 0)
                cut[k] = 1;
```

आउटपुट अगदी बरोबर. २, ३, ५, ७ पासून ९७ पर्यंत, मोजून २५ मूळ संख्या. `cut` नावाचा अ‍ॅरे आहे, त्यात संख्या छाटल्या जातायत, दिसायला एकदम चाळणी. पण ही चाळणी नाही हो! चाळणीचं लेबल लावलेला भागाकार आहे. आणि तोही साधासुधा नाही, जिच्याशी स्पर्धा लावली त्या भागाकाराच्या पद्धतीलाही हरवेल इतका वाईट. म्हणजे पान १४ वर "चाळणी वेगवान आहे" असं लिहून पान १५ वर संथ असलेली चाळणी जोडली होती, आणि दोन्ही पानांवर बरोबरची खूण.

मी म्हटलं, एक काम कर. जिथे जिथे `%` आहे तिथे एक `count++` टाक आणि शेवटी छाप. मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

आधी तिची भागून बघण्याची पद्धत घेतली. प्रत्येक संख्येला २ पासून भागत जायचं, नि:शेष भाग गेला की थांबायचं. शंभरपर्यंत ११३३ भागाकार झाले. मग तिची "चाळणी" चालवली. १४४०.

ती स्क्रीनकडे बघत बसली. "पण चाळणी तर फास्ट असते ना?"

असते. ही नाहीये.

शंभरचा हिशोब हातानेसुद्धा पडताळता येतो, म्हणून सांगतो. तिच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मूळ संख्या स्वत:च्या पुढच्या प्रत्येक संख्येला जाऊन विचारते, "तुला मी भागते का?" २ विचारते ९८ जणांना, ३ विचारते ९७ जणांना, असं करत ९७ विचारते तिघांना. बेरीज १४४०. यात "हो" असं उत्तर किती वेळा आलं? १४६ वेळा. उरलेल्या १२९४ वेळा "नाही". ५३ ही बिचारी ५४ पासून १०० पर्यंत ४७ दारं वाजवते, आणि तिचा पुढचा पट १०६, म्हणजे शंभरात तिचं कुणीच नाही. ५३ पासून ९७ पर्यंतच्या दहा मूळ संख्या मिळून २६८ प्रश्न विचारतात आणि एकही "हो" न घेता परत येतात.

आमच्या सोसायटीत सकाळी पेपर टाकणारा मुलगा आहे. कुठला पेपर कुठल्या फ्लॅटला, हे त्याला पाठ. तो जिन्यावरून थेट त्या त्या दारापाशी जातो, पेपर सरकवतो, पुढे. समजा तो प्रत्येक दाराची बेल वाजवून विचारायला लागला, "काका, हा पेपर तुमच्याकडे असतो का?", आणि मग दुसरा पेपर घेऊन पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात, तर दोन दिवसांत सेक्रेटरी त्याला गेटवर अडवेल. भाचीच्या प्रोग्रॅममधला `%` म्हणजे ती बेल.

आता मला राग कशाचा येतो ते ऐका. खरी चाळणी हिला येत होती. पाचवीत असताना! बालभारतीच्या पाचवीच्या गणितात एरॅटोस्थेनीसची ही रीत आहे. १ ते १०० चा चौकोन, दहा-दहाच्या ओळी, आणि पेन्सिल. तुम्हीही केलं असेल. २ ला गोल करा, मग दोन सोडून चार, सहा, आठ... सगळ्यांवर काट. दहाच्या ओळींमध्ये हे अख्खे उभे रकानेच्या रकाने पडतात. मग ३ ला गोल, आणि तीन-तीन घरं पुढे सरकत काट. हे तिरके जातात. मग ५, त्यांचा एक रकाना आधीच पडलेला असतो, दुसरा आता पडतो. मग ७. उरले त्या मूळ संख्या.

या सगळ्यात पाचवीतल्या पोरीने किती भागाकार केले? शून्य. ३ चे पट काटताना तिने १० ला ३ ने भागून बाकी १ येते म्हणून सोडून दिलं, असं झालं का? १० कडे तिने बघितलंसुद्धा नाही! ९ वरून बोट उचललं ते थेट १२ वर ठेवलं. पाढा म्हणत गेली, काटत गेली. त्या वयात हात दुखतो, त्यामुळे फुकटची कामं माणूस आपोआप टाळतो. कॉम्प्युटरचा हात दुखत नाही, आणि शंभरपर्यंतचं उत्तर ११३३ भागाकारांनीही क्षणात येतं नि १४४० नीही, त्यामुळे कुणाला कळतच नाही.

मग पाचवी ते फर्स्ट इयर या प्रवासात झालं काय? झालं असं, की सी शिकवताना मूळ संख्या हा `%` शिकवण्याचा प्रोग्रॅम झाला. ऑड-इव्हन, लीप इयर आणि प्राइम, असा तो त्रिकूट प्रत्येक क्लासच्या नोट्समध्ये असतो. मुलांच्या डोक्यात "प्राइम म्हणजे `%`" असं पक्कं बसतं. पुढे चाळणी आली की तिच्यातही हात आपसूक `%` टाकतो. `k++` च्या जागी `k += p` लिहायचं, एवढाच काय तो फरक, आणि नेमका तोच राहतो.

आणि हे फक्त मुलुंडचं दुखणं नाही. हास्केलमध्ये चाळणी म्हणून दोन ओळींचा एक प्रोग्रॅम वर्षानुवर्षं कौतुकाने दाखवला जायचा. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजच्या मेलिसा ओ'नील यांनी २००९ साली "द जेन्युइन सीव्ह ऑफ एरॅटोस्थेनीस" नावाचा निबंध लिहून दाखवून दिलं, की बाबांनो, ही चाळणी नाहीच. आत बाकी काढून गाळणं चाललंय, आणि नीट लिहिलेल्या भागून बघण्याच्या पद्धतीपेक्षाही हे हळू आहे. आपल्याकडच्या नोट्समध्ये हे पोचायला अजून किती वर्षं लागतील देव जाणे.

बरं, आता मूळ प्रश्न. सरस का?

त्यासाठी आधी भागून बघण्याच्या पद्धतीत कामं जातात कुठे ते बघायला हवं. ते ११३३ भागाकार घ्या. शंभरपर्यंत ७४ संयुक्त संख्या आहेत, त्यांच्यावर मिळून फक्त १२३ भागाकार झाले. कारण सोपं आहे, ४९ सम संख्या पहिल्याच प्रश्नाला गळतात, बऱ्याचशा उरलेल्या दुसऱ्या प्रश्नाला. आणि २५ मूळ संख्यांवर? १०१०. एकट्या ९७ वर ९५. म्हणजे दहातले नऊ भागाकार मूळ संख्यांवर खर्च झाले.

हे इथे थोडं थांबून बघा, कारण सगळं उत्तर यातच आहे. "तुला कोण भागतं?" या प्रश्नाला "अमुक भागतो" हे उत्तर स्वस्त पडतं, सापडलं की थांबता येतं. "कुणीच नाही" हे उत्तर महाग, कारण ते देण्याआधी सगळ्यांना विचारून व्हावं लागतं. आणि आपल्याला हव्या आहेत नेमक्या "कुणीच नाही" वाल्या संख्या. ज्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला त्यांच्यावरच सगळ्यात जास्त खर्च.

चाळणी मूळ संख्येला काहीच विचारत नाही. ९७ वर किती काम झालं? शून्य. तिच्या दारात कुणी आलंच नाही, म्हणून ती मूळ. सगळी कामं होतात ती संयुक्त संख्यांवर, आणि प्रत्येक काम हे नक्की लागणारा फटका असतं. "नाही" हे उत्तर चाळणीत येऊच शकत नाही, कारण प्रश्नच नाही.

मोजून बघू. २ चे पट ४ पासून १०० पर्यंत, ४९ फटके. ३ चे ९ पासून सुरू करायचे, कारण ६ आधीच गेला, ३१ फटके. ५ चे २५ पासून, कारण १०, १५, २० लहान मूळ संख्यांनी आधीच उडवले, १६ फटके. ७ चे ४९ पासून, ८ फटके. ११ चे १२१ पासून, म्हणजे आपल्या तक्त्याबाहेर, संपलं. एकूण १०४. गरज होती ७४ ची, ३० फटके दुबार पडले (३० या संख्येला २, ३ आणि ५ तिघांचेही पडतात). एवढीच उधळपट्टी.

आता वाचकांपैकी कुणीतरी हात वर करेल, त्याला आधीच उत्तर देतो. "अहो, भागून बघणारा शहाणा माणूस वर्गमुळापर्यंतच जातो. `i * i <= n` लावा की!" कबूल. लावलं. ११३३ चे २३६ झाले. १०४ विरुद्ध २३६, म्हणजे दुप्पट-सव्वादुप्पट. एवढ्यासाठी एवढं रामायण?

शंभरपर्यंत नाहीच. म्हणूनच शंभरपर्यंतची असाइनमेंट देऊन "सरस का" विचारणं हा विनोद आहे. त्या आकाराला कुणी सरस नसतंच, उत्तरं सगळ्यांची क्षणात येतात. दहा लाखांपर्यंत जा. वर्गमुळाची युक्ती लावूनही भागाकार होतात पावणेसात कोटींच्या आसपास, त्यातले पाच कोटींच्या वर पुन्हा त्या ७८,४९८ मूळ संख्यांवरच. खरी चाळणी करते सुमारे २१ लाख २२ हजार फटके. तीसपटींहून जास्त फरक. शिवाय फटका म्हणजे अ‍ॅरेत एक अंक लिहिणं, आणि `%` म्हणजे प्रोसेसरला करावा लागणारा खराखुरा भागाकार, बेरीज-वजाबाकीपेक्षा कितीतरी महाग. तो फरक वेगळाच.

आणखी शहाणा माणूस म्हणेल, मी फक्त मूळ संख्यांनीच भागीन. छान. हजारपर्यंत १६८ मूळ संख्या आहेत, तेवढ्यांनीच भागलं तरी आकडा कोटीच्या वर राहतो. तुम्ही प्रश्न कितीही हुशारीने निवडा, "कुणीच नाही" साठी यादी पूर्ण वाचावीच लागते.

आणि भाचीची ती नकली चाळणी दहा लाखांना? चार हजार कोटींच्या वर `%`. वर्गमूळही न लावलेली अगदी बाळबोध पद्धत पावणेचार हजार कोटींत आटपते! आम्ही ते खरंच चालवलं. मी चहा टाकला, उकळला, गाळला, बिस्किटं शोधली, तरी कर्सर लुकलुकतोय. नंतर `k += p` वालं चालवलं तर एंटरवरून बोट उचलायच्या आत उत्तर. हे बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्या दहापैकी दहाने उमटलेलं नव्हतं.

log log चं काय मग? ते कुठून येतं, हे तिला विचारलं तर म्हणाली "फॉर्म्युला आहे". फॉर्म्युला कसला! फटके मोजा की. २ चे फटके साधारण N/2, ३ चे N/3, ५ चे N/5, ७ चे N/7... N बाहेर काढा, आत उरलं १/२ + १/३ + १/५ + १/७ + ... ही बेरीज वाढते, पण किती रडतखडत वाढते बघा. शंभरपर्यंतच्या मूळ संख्या घेतल्या तर सुमारे १.८०. हजारपर्यंत सुमारे २.२०. दहा लाखांपर्यंत गेलं तरी २.८९. त्या कूर्मगतीला गणितात log log म्हणतात. म्हणजे साध्या भाषेत, दहा लाखांच्या चाळणीत एका संख्येमागे सरासरी दोनच्या आसपास फटके पडतात, बस. ओरलला हे सांग, म्हटलं. n log log n हे शब्द नाही उच्चारलेस तरी चालेल.

या विषयावर मी ऑफिसात बोललो (अंधेरी, कंपनीचं नाव विचारू नका), तर एक सहकारी म्हणाला, "अरे पहिल्या वर्षाची पोरं आहेत, आउटपुट आलं ना, सोड." हाच माणूस मागच्या महिन्यात इंटरव्ह्यू घेऊन आला आणि डोक्याला हात लावून बसला होता, कारण दोन-तीन वर्षं अनुभव असलेला एक मुलगा मूळ संख्या म्हटल्याबरोबर "सीव्ह, सर!" असं फाडकन बोलला, कॉम्प्लेक्सिटीही पाठ, आणि बोर्डवर लिहिताना आतल्या लूपमध्ये `%`. त्याला कधीच कुणी `count++` टाकायला लावलं नव्हतं. पहिल्या वर्षी "सोड" म्हटलेलंच तिथे बोर्डवर आलं.

तपासणाऱ्या सरांनाही मी पूर्ण दोष देत नाही. एका दुपारी साठेक जर्नलं तपासायची म्हटल्यावर माणूस आउटपुट बघतो आणि सही करतो. पण मग प्रश्न तरी तसा घाला ना! "दोन्ही प्रोग्रॅममध्ये मूळ संख्या छापा" याऐवजी "दोन्ही प्रोग्रॅममध्ये आतली ओळ किती वेळा चालली ते छापा". साठ जर्नलं, एक आकडा. १०४ आहे का? आहे, तर चाळणी. १४६ आहे, तरी चाळणी, फक्त p च्या वर्गापासून सुरू न करता दुपटीपासून केली. १४४० आहे, तर पोराला बोलवा. तपासायला उलट कमी वेळ लागेल.

आता दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर मीच एक खूण मारल्यासारखं होईल. "चाळणी सरस" हे वाक्य अर्धवट आहे. कशासाठी सरस? १ ते N सगळ्या मूळ संख्या हव्या असतील तर. मला फक्त एवढंच विचारायचंय की १०,००,००३ ही मूळ आहे का, तर चाळणी लावणं वेडेपणा. २ पासून १००० पर्यंत ९९९ भागाकारांत उत्तर येतं (आहे, मूळ आहे), त्यासाठी दहा लाखांचा अ‍ॅरे मांडून २१ लाख फटके कोण मारेल? चाळणीचा फायदा वाटून घेण्यात आहे. ३ चा एक फेरफटका लाखो संख्यांचं काम एकदम करतो. संख्या एकच असेल तर वाटायला कुणी नाही.

आणि संख्या शेकडो अंकी असेल तर दोन्ही पद्धती घरी बसतात. तिथे वेगळंच गणित लागतं. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलेली मूळ संख्या ओळखण्याची रीत त्या जातीची. त्यातले दोघे तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले होते, हे भाचीला मुद्दाम सांगितलं. तिने "हं" केलं.

दुसरी मर्यादा मेमरीची. भागून बघायला दोन-तीन व्हेरिएबल पुरतात, चाळणीला N घरांचा तक्ता लागतो. ज्यांनी कॉलेजात टर्बो सी वापरलंय त्यांना आठवत असेल, तिथे ६४ के च्या वरचा अ‍ॅरे साधासुधा जाहीरच करता यायचा नाही, त्यामुळे लाखाची चाळणी मांडायलाच जागा नसायची. आज दहा लाख `char` म्हणजे दहा लाख बाइट, किरकोळ. पण अब्जावर गेलात की पुन्हा तोच प्रश्न, मग तुकड्या-तुकड्याने चाळावं लागतं. असो, तो वेगळा शनिवार.

संध्याकाळी तिने सगळं नव्याने लिहिलं. मी मुद्दाम बघितलं नाही. शंभरला १०४ आले, खूश होऊन गेली. रात्री साडेदहाला फोन.

"मामा, दहा हजारला चालतंय. एक लाख दिलं की सेगमेंटेशन फॉल्ट. अ‍ॅरे मोठा झाला का?"

लाख बाइटने कुठलाही आजचा कॉम्प्युटर मरत नाही. म्हटलं, लूप वाच. तिने वाचला:

```c
for (p = 2; p <= N; p++)
    if (!cut[p])
        for (k = p * p; k <= N; k += p)
            cut[k] = 1;
```

सापडलं? मलाही फोनवर मिनिटभर लागलं. बाहेरचा लूप N पर्यंत जातोय. शंभरला यात काही बिघडत नाही, ११ चा वर्ग १२१, आतला लूप सुरूच होत नाही, म्हणून १०४ बरोब्बर आले. पण लाखाला p पोचते ४६,३४९ वर. ती मूळ आहे, आणि तिचा वर्ग २१४ कोटी ८२ लाखांच्या पुढे. बत्तीस बिटांच्या `int` मध्ये २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या वर जागाच नाही. आकडा उलटतो, तिच्या मशीनवर उणे झाला, उणे म्हणजे N पेक्षा लहानच, आतला लूप चालू, आणि `cut` च्या उणे दोनशे चौदा कोटी की कितव्याशा घरात फटका. तिथे आपलं घर नाही.

"मग k ला `long long` करू?"

k एकट्याला करून भागणार नाही, `p * p` हा गुणाकार आधी `int` मध्येच होतो आणि उलटलेला आकडा मग मोठ्या डब्यात जाऊन पडतो. म्हटलं, मला एक सांग, लाखाच्या चाळणीत ३१७ च्या पुढच्या मूळ संख्येला फटका मारायला काही उरलंय का?

थोडा वेळ शांत. मागून ताईचा आवाज, झोपा आता. मग कीबोर्डची खटखट.

"बाहेरचा लूप `p * p <= N`?"

"चालवून बघ."

"९,५९२ आल्या."

"लाखापर्यंत तेवढ्याच आहेत."

"मामा, पण हे जर्नलमध्ये परत लिहू का? त्यावर सही झालीय."